फ्लुओरोक्विनोलोन प्रतिजैविके आणि कंडराविकार

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी ‘-फ्लॉक्सासिन’ने संपणारी नावे असलेल्या प्रतिजैविकांच्या गटाला फ्लुओरोक्विनोलोन म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीला कंडरा म्हणतात. या औषधांमुळे काही रुग्णांच्या कंडरेला सूज येते आणि क्वचित ती तुटते. सर्वाधिक फटका टाचेच्या मागील अकिलीस कंडरेला बसतो. खांदा, हात व मांडीच्या कंडरांच्याही नोंदी आहेत, पण त्या पुष्कळच कमी.

गटाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाच्या संश्लेषणात निघालेल्या एका उपपदार्थात जंतुनाशक गुण दिसला आणि त्यावरून अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज लेशर व सहकाऱ्यांनी 1962 मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल प्रसिद्ध केले, ही कथा बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. अलीकडे पेटंटांची कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांनी ती अपुरी ठरवली आहे. त्यांच्या मते त्याच सुमारास एका ब्रिटिश कंपनीतही क्विनोलोन या मूळ रासायनिक कुळावर काम चालू होते आणि त्याची माहिती अमेरिकेतील संशोधकांना असणे शक्य आहे. दोन्ही गोष्टी परस्परविरोधी नाहीत, म्हणून ‘केवळ योगायोग’ हे वर्णन टाळलेले बरे. काटेकोर रसायनशास्त्रानुसार नॅलिडिक्सिक आम्ल क्विनोलोन नसून नॅफ्थिरिडोन आहे, पण गटाची गणना तेथूनच करण्याचा प्रघात आहे. पुढे मूळ सांगाड्यातील सहाव्या स्थानी फ्लुओरिन बसवल्यावर परिणामकारकता वाढली आणि आजची औषधे आकाराला आली.

कंडराविकाराची पहिली नोंद बहुधा न्यूझीलंडमधील असून ती 1983 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नॉरफ्लॉक्सासिन व मूत्रपिंड-प्रत्यारोपण यांचा संबंध होता. 1990 नंतर फ्रान्समधून बरेच रुग्ण नोंदले गेले, त्यांत तेथे प्रचलित असलेल्या पेफ्लॉक्सासिनचा वाटा मोठा होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2008 मध्ये या गटाच्या वेष्टनपत्रकावर चौकटीतील इशारा, म्हणजे सर्वांत कडक स्वरूपाची सूचना, बंधनकारक केली.

दोष औषधाचा की रुग्णाच्या मूळ प्रकृतीचा, हा वाद बराच काळ चालला. ही औषधे अनेकदा वृद्धांना, स्टेरॉइड घेणाऱ्यांना आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना दिली जातात, आणि त्यांची कंडरा आधीच कमकुवत असते. हा आक्षेप रास्त आहे. परंतु ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या व 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या घटकांचा हिशेब धरूनही साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये अकिलीस कंडरेच्या विकारांचा धोका सुमारे 3.2 पट आढळला. सोबत स्टेरॉइड असल्यास तो 6.2 पट झाला. साठीखालच्यांत मात्र वाढ दिसली नाही. दोन्ही टाचा एकाच वेळी दुखू लागणे ही गोष्टही औषधाकडेच बोट दाखवते, कारण खेळातील इजा सहसा एका पायाची असते. म्हणून आज औषधालाच कारण मानणारे मत अधिक ग्राह्य धरले जाते, मात्र वय आणि स्टेरॉइड यांना सहकारणे समजावे लागते.

पटींचे आकडे वाचकाला घाबरवतात, म्हणून प्रत्यक्ष प्रमाणही पाहावे. त्याच अभ्यासात वाढीव धोका हजार रुग्ण-वर्षांमागे, म्हणजे हजार जणांनी वर्षभर औषध घेतल्यास, 3.2 एवढा निघाला. दहा दिवसांचा कोर्स म्हणजे वर्षाचा सुमारे छत्तिसावा भाग. या हिशेबाने एक लाख कोर्समागे नऊच्या आसपास जादा विकार येतात, आणि त्यांत नुसती सूजही मोजलेली आहे. उलट 2003 च्या एका अभ्यासात केवळ तुटण्याचा विचार केला असता ऐंशीच्या पुढच्या वयात धोका वीसपट आढळला, पण रुग्णसंख्या थोडी असल्याने त्या आकड्याची अनिश्चितता मोठी आहे.

कार्यकारणाबाबत एकमत नाही. कंडरा ही मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची बनलेली असते, तिला रक्तपुरवठा कमी असतो आणि झीज भरून यायला वेळ लागतो. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरचा भाग रक्ताच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री, आणि बहुतेक वेळा तुटतेही तेथेच. प्रयोगशाळेत या औषधांमुळे कोलॅजन तोडणारी विकरे वाढतात व नवे कोलॅजन कमी बनते. औषधाचा रेणू मॅग्नेशियम व लोह यांच्या आयनांना धरून ठेवतो. याच गुणधर्मामुळे ही गोळी दूध किंवा अँटासिडबरोबर घेऊ नये असे सांगतात. मॅग्नेशियम कमी दिलेल्या उंदरांच्या कंडरांतही तशाच विकृती दिसतात, त्यामुळे धातूंच्या बंधनाची उपपत्ती अनेकांना पटते. तिला पूरक म्हणून पेशीतील ऊर्जाकेंद्रांवरील ताणाचेही स्पष्टीकरण दिले जाते. मात्र मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी विकार टळतो असे माणसांत सिद्ध झालेले नाही.

लक्षणांचे स्वरूप एका नमुन्यावरून कळेल. दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना छातीच्या संसर्गासाठी लिव्होफ्लॉक्सासिन 500 मिलिग्रॅम रोज दिले आहे, असे समजू. सहाव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना दोन्ही टाचांच्या वर आखडल्यासारखे होते, चिमटीत धरल्यास दुखते, जागा किंचित जाड लागते. याला वाताचा त्रास समजून ते मालिश करतात, गोळी चालू ठेवतात. बाराव्या दिवशी जिना चढताना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखा झटका बसतो. तपासणीत त्यांना पोटावर झोपवून पाऊल कडेबाहेर ठेवतात आणि पोटरी दाबतात. निरोगी पायाचे पाऊल खाली झुकते, तुटलेल्या बाजूचे हलत नाही. रुग्णाला पाऊल थोडे हलवता येते, कारण पोटरीतील खोल स्नायू शाबूत असतात, आणि त्यामुळेच हे निदान पुष्कळदा हुकते. एका पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे ही खूण घरीही कळते. सहाव्या दिवशी गोळी बंद केली असती आणि डॉक्टरांनी दुसरे प्रतिजैविक दिले असते, तर बहुधा झटका टळला असता.

विकार पहिल्या दोन दिवसांतही उद्भवतो आणि औषध संपल्यानंतर काही महिन्यांनीही, म्हणून जुन्या गोळ्यांविषयी विचारावे लागते. औषध थांबवून विश्रांती घेणे हाच मुख्य उपाय. सुजेच्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे हानिकारक ठरू शकते.

पूर्वी या गटाच्या औषधाने कंडरा दुखली असल्यास गटातील कोणतेही औषध पुन्हा घेऊ नये. साठीच्या पुढचे, स्टेरॉइड घेणारे, मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेले आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले यांनी दुसरा पर्याय असेल तर तो घ्यावा. लिव्होफ्लॉक्सासिन मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा घटवावी लागते. संधिवात, पूर्वीची कंडरेची दुखणी आणि उपचारकाळातील जड व्यायामही धोका वाढवतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे रुग्ण आणि महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, फुगवटा असलेले यांनीही ही औषधे टाळावीत, मात्र त्यांची कारणे वेगळी आहेत. साध्या सायनसच्या किंवा लघवीच्या संसर्गासाठी, दुसरे औषध चालण्याजोगे असल्यास, 2016 पासून अमेरिकेत हा गट टाळण्यास सांगितले जाते. ब्रिटनने जानेवारी 2024 मध्ये याहून कडक निर्बंध घातले. डोळ्यांत घालण्याच्या थेंबांतून रक्तात जाणारी मात्रा नगण्य असल्याने ही चर्चा त्यांना फारशी लागू होत नाही.

औषधरोधी क्षयरोगात हे तोलणे उलट होते. त्या उपचारात लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन हा कणा असतो आणि गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. मुंबईसारख्या ठिकाणी असे रुग्ण बरेच आहेत. टाच दुखली म्हणून गोळी स्वतःहून सोडल्यास क्षयाचे जंतू आणखी कणखर होण्याचा धोका असतो, म्हणून तेथे दुखू लागताच केंद्रात कळवावे आणि पायावरचा भार कमी करावा. औषध बदलायचे की चालू ठेवायचे, हे तेथील डॉक्टर ठरवतात.