सहानुभूतीपूर्वक विचार आणि हक्क: दोन्हींत फरक कुठे पडतो?

परीक्षेला बसलेल्या अंध मुलीला लेखनिक मिळाला, वर तासामागे जादा वेळही मिळाला. हे दान झालं की हक्क? वर्गात डोकावून सांगता येणार नाही, कारण खुर्ची, लेखनिक, घड्याळ सगळं दोन्हीकडे सारखंच दिसतं. फरक कळतो तो नकार आल्यावर. केंद्रप्रमुखांनी ‘यंदा जमणार नाही’ म्हटलं आणि विषय तिथेच संपला, तर गेल्या वर्षी मिळालं ते दान होतं. त्या नकाराचं कारण त्यांना कुठेतरी लेखी द्यावं लागत असेल, तर तो हक्क. देणाऱ्याचा स्वभाव किती चांगला आहे याचा इथे काहीही संबंध नाही. उलट प्रेमळ मुख्याध्यापकांच्या शाळेत ही गल्लत जास्त होते. सगळं सुरळीत मिळत असतं, आणि त्यांची बदली झाली की काहीच उरत नाही.

अपंगांच्या चळवळी दानाकडून हक्काकडे कशा वळल्या, हे समजून घ्यायला अमेरिकेतलं १९७७ सालचं एक आंदोलन मला सर्वात उपयोगी वाटतं. त्यात कायदा मिळवायचा नव्हता. तो आधीच होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ म्हणून एक वाक्य होतं: केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून पात्र व्यक्तीला निव्वळ अपंगत्वामुळे वगळता येणार नाही. या वाक्याची घडण १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून उचललेली होती. त्यासाठी मोर्चे निघाले नव्हते आणि संसदेत फारशी चर्चाही झाली नव्हती.

पण ‘वगळणं’ म्हणजे नेमकं काय? पायऱ्या असलेलं ग्रंथालय म्हणजे वगळणं का? कर्णबधिर रुग्णाला दुभाष्या दिला नाही तर? हे ठरवणारी नियमावली येईपर्यंत ते वाक्य कोणालाच बंधनकारक नव्हतं. नियमावलीचा मसुदा तयार झाला, पण आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्यात सहीविना पडून राहिला. विद्यापीठं आणि रुग्णालयांना खर्चाची धास्ती होती. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचं सरकार आलं, तेव्हा नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो म्हणाले की आम्ही मसुद्याचा फेरविचार करतो. त्यातून काही सुधारणा पुढे आल्या. एका शहरातल्या विद्यापीठांनी मिळून सोय केली तरी चालेल, प्रत्येकाने आपली इमारत बदलायला नको, असा त्यातल्या एकीचा रोख होता. ऐकायला समंजस वाटतं. प्रत्यक्षात व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याने एक विषय इथे आणि दुसरा गावाच्या त्या टोकाला शिकायचा, असा त्याचा अर्थ. नाही म्हटलं जात नव्हतं, फक्त हक्काचं रूपांतर पुन्हा सोयीत होत होतं.

५ एप्रिल १९७७ रोजी खात्याच्या अनेक शहरांतल्या कचेऱ्यांत आंदोलक शिरले. वॉशिंग्टनमध्ये जेवण आत जाऊ दिलं नाही आणि दीडएक दिवसात ठिय्या मोडला. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र चौथ्या मजल्यावर शंभराहून जास्त माणसं तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकली. ती टिकली ती आधी केलेल्या बांधणीमुळे. किटी कोन आणि इतरांनी कामगार संघटना, चर्च आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनांशी आधीच संबंध जोडले होते. ब्लॅक पँथर पक्ष रोज गरम जेवण पोचवत होता. त्यांचे कार्यकर्ते ब्रॅड लोमॅक्स स्वतः व्हीलचेअरवर, आत बसलेले. फोन तोडले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खालच्या लोकांशी खुणांच्या भाषेत बोलले. औषधं गार ठेवायला वातानुकूलन यंत्राला खोकं चिकटवून फ्रिज केला होता.

मला यातला सर्वात बोलका प्रसंग वाटतो तो तिथल्याच कचेरीत झालेल्या सुनावणीचा. खात्याचे अधिकारी जीन आयडेनबर्ग समोर बसून सहमतीने मान हलवत होते. आंदोलनाच्या नेत्या ज्युडी ह्यूमन बोलत होत्या. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला, आणि वयाच्या पाचव्या वर्षी शाळेने ‘आगीच्या वेळी धोका’ म्हणून दारातून परत पाठवलेलं. आम्ही काय बोलतोय हे तुम्हाला कळत नसेल तर कृपा करून मान हलवणं थांबवा, असं त्यांनी भर सुनावणीत सुनावलं. आंदोलकांना सहानुभूती नको होती. त्यांच्याकडे तयार मसुदा होता आणि त्यातला एकही शब्द न बदलता त्यावर सही हवी होती. २८ एप्रिलला कॅलिफानो यांनी ती केली.

नव्या कार्यकर्त्यांनी इथे थोडं थांबावं. कायदा झाला की आपण पेढे वाटतो आणि पांगतो. हक्काचं पुन्हा दान होतं ते त्यानंतर, नियम आणि शासन निर्णय लिहिले जातात तेव्हा.

आपल्याकडचं उदाहरण अगदी ताजं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४० नुसार सुगम्यतेचे मानक केंद्राने नियमांत घालून द्यायचे होते, आणि कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य व्हायच्या होत्या. २०१७ च्या नियमावलीतल्या नियम १५ ने मात्र निरनिराळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं. त्या सूचनांचा बराच भाग ‘असावं’, ‘करता येईल’ अशा सुरात लिहिलेला. म्हणजे कायदा सक्ती करतो आणि नियम सुचवतो. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी याच विसंगतीवर बोट ठेवून नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. पाच वर्षांची मुदत तोवर उलटून गेली होती.

लेखनिकाच्या बाबतीतही असंच घडलं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत एका उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. लेखनिक ठराविक प्रकारच्या दिव्यांगांनाच मिळतो, या नियमावर बोट ठेवून नकार आला. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केली: ती आरक्षणासारख्या, कायद्यात तसं म्हटलेल्या लाभांसाठी आहे. वाजवी समायोजन, म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेनुसार करून द्यायचा बदल, मात्र प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला लागू. प्रमाणपत्रावरचा आकडा बघूनच पुढचं बोलायचं, ही सवय दानाच्या काळातली आहे. कोणाला द्यावं हे ठरवण्याची चाळणी, इतकंच तिचं मूळ. दुर्दैवाने आपले कार्यकर्तेही पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ असाच विचारतात.

मग अर्ज कसा लिहायचा? आपल्या अर्जांचा ठरलेला शेवट असतो, ‘माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’. त्यात आजारपण आणि घरची गरिबी येते, मागणी मात्र शेवटच्या ओळीत. नम्रतेला हरकत नाही, पण असा अर्ज फेटाळला तर तक्रार कशाची करणार? सहानुभूती दाखवली नाही याची? त्याऐवजी चार गोष्टी लिहाव्यात: अडथळा कुठला आहे (पेपर तीन तासांचा, आणि दहा मिनिटांनंतर बोटं चालत नाहीत), नेमकं काय हवं, कुठल्या कलमाखाली (व्याख्या कलम २(y), शिक्षण संस्थेसाठी कलम १६ व १७), आणि नकार असल्यास कारणासह लेखी कळवावा. पोच घ्यावी.

‘अवाजवी बोजा पडतो’ हे कारण संस्थेला देता येतं. तशी मर्यादा कायद्यातच आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण मग बोजा कसा आणि किती, हे संस्थेला सांगावं लागतं. शिवाय ही मर्यादा वैयक्तिक समायोजनाची आहे. सार्वजनिक इमारतीच्या रॅम्पसाठी कोणी अर्ज करण्याचीच गरज नसते, तो आधीपासून असायला हवा. कार्यकर्ते या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात घालतात आणि उत्तर येतं, ‘आमच्याकडे सध्या असा विद्यार्थी नाही’.

लेखी नकार हातात आला की पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, तरी त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. संबंधित संस्थेने तीन महिन्यांत कारवाई करून कळवायचं, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याच मुदतीत कारण द्यायचं. ते कारण आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढचा रस्ता उच्च न्यायालयाचा. तिथे पोच असलेला पहिला अर्जच सर्वात आधी मागितला जातो.