बँक वेतनकराराची थकबाकी: करार उशिरा, हिशेब मागे

८ मार्च २०२४ रोजी बँक कर्मचाऱ्यांचा बारावा द्विपक्षीय करार झाला आणि तो १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला गेला. म्हणजे सोळा महिने उलटून गेल्यावर नवा पगार ठरला. बँकेत हे नेहमीचेच आहे. नववा करार २००७ पासून लागू होता, सही २७ एप्रिल २०१० ला झाली. दहावा २०१२ चा, सही २५ मे २०१५. अकरावा सर्वांत रेंगाळला: १ नोव्हेंबर २०१७ पासूनच्या पगारावर सही झाली ती ११ नोव्हेंबर २०२० ला, म्हणजे तीन वर्षे उलटून गेल्यावर. त्या मानाने बारावा लवकरच आटोपला म्हणायचा.

या पद्धतीचे मूळ लवादांत आहे. स्वातंत्र्यानंतर बँकांचे पगार सरकारने नेमलेले न्यायाधिकरण ठरवायचे. १९५० चा सेन निवाडा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, मग १९५३ मध्ये शास्त्री निवाडा आला आणि १९६२ मध्ये देसाई निवाडा. त्यानंतर निवाड्याची वाट पाहण्यापेक्षा समोरासमोर बसून ठरवू, असा विचार पुढे आला आणि १९ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिला द्विपक्षीय करार झाला. तेव्हापासून व्यवस्थापनाच्या बाजूने इंडियन बँक्स असोसिएशन आणि दुसऱ्या बाजूने संघटना बसतात. आता कराराची मुदत पाच वर्षांची असते. ती संपली की जुनाच पगार चालू राहतो, नवा मागून येतो आणि मधला फरक थकबाकी म्हणून हातात पडतो.

थकबाकी काढताना सगळे फिरते ते महागाई भत्त्याच्या विलीनीकरणाभोवती. बाराव्या करारात ग्राहक किंमत निर्देशांक १२३.०३ असतानाचा भत्ता मूळ वेतनात मिसळला. जुन्या मोजमापात हा ८०८८ चा अंक आहे. अकराव्या कराराचा पाया ६३५२ होता, आणि दर चार अंकांना ०.०७ टक्के भत्ता मिळायचा. हिशेब करून पाहा: १७३६ अंकांचे ४३४ टप्पे, म्हणजे ३०.३८ टक्के. स्केल एकच्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन ३६,००० होते, नव्या श्रेणीत ते ४८,४८० झाले. कागदावर वाढ १२,४८० दिसते, पण ३६,००० वर ३०.३८ टक्के भत्ता धरला तर जुना आकडाच ४६,९३७ होतो. मूळ वेतन आणि भत्ता मिळून खरी वाढ फक्त १,५४३ रुपये. बाकीचा फरक विशेष भत्त्यातून येतो, कारण तो मूळ वेतनाच्या १६.४ टक्क्यांवरून २६.५ वर गेला. जुन्या विशेष भत्त्यावर मिळणारा महागाई भत्ता वजा धरला तर त्यातून महिन्याला साधारण ५,१५० रुपये मिळतात.

याच ठिकाणी भविष्य निर्वाह निधीचा गोंधळ होतो. १ एप्रिल २०१० पूर्वी रुजू झालेल्या आणि पेन्शन निवडलेल्या कर्मचाऱ्याचा पीएफ मूळ वेतनाच्या १० टक्के कापला जातो, महागाई भत्त्यावर नाही. मूळ वेतनात भत्ता मिसळला की कपातीचा पाया एकदम वाढतो. वरच्याच आकड्यांवर पाहिले तर पीएफ ३,६०० वरून ४,८४८ होईल, म्हणजे महिन्याला १,२४८ जास्त. विशेष भत्ता धरूनही वाढ ६,७०० च्या आतच आहे, आणि तिच्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा पीएफकडे जातो. (त्या काळातल्या पेन्शनधारकाचे मूळ वेतन आता बरेच जास्त असते. हे आकडे फक्त प्रमाण कळावे म्हणून घेतले आहेत.) २०१० नंतरच्यांना एनपीएस लागू आहे. तिथे वेतन आणि महागाई भत्ता दोन्हींवर १० टक्के कापतात, बँक १४ टक्के भरते, आणि विशेष भत्ता त्यात येत नाही. त्यामुळे त्याच अधिकाऱ्याची जादा कपात १५४ रुपयांची आणि बँकेचा जादा हिस्सा २१६ चा. एकाच शाखेत शेजारी बसणाऱ्या दोघांच्या थकबाकीच्या पावत्या इतक्या वेगळ्या का, याचे उत्तर इथे आहे. दोघांपैकी कुणाची चूक नसते.

थकबाकीतून कापलेला पीएफ ज्या वर्षी कापला त्याच वर्षाचा धरला जातो, मागच्या वर्षांत वाटला जात नाही. जुन्या करपद्धतीत ८०सी ची दीड लाखाची मर्यादा आधीच भरलेली असेल तर या कपातीचा करात काहीच उपयोग नाही. शिवाय एप्रिल २०२१ पासून वर्षाला अडीच लाखांवरच्या स्वतःच्या वर्गणीवरील व्याज करपात्र आहे, आणि एकरकमी कपातीमुळे ही रेषा नकळत ओलांडली जाते. ज्याचा ऐच्छिक पीएफही चालू आहे, त्याने त्या वर्षी तो थोडा कमी केलेला बरा.

टीडीएसचे त्रांगडे वेगळे. थकबाकी मिळाली त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून कापणी होते, मग मागच्या वर्षांचा दर लावला तर जो फरक पडेल त्याची सवलत २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८९ ने मिळते. समजा मे २०२४ मध्ये १७ महिन्यांची १,७०,००० ची थकबाकी मिळाली: २०२२-२३ ची ५०,००० आणि २०२३-२४ ची १,२०,०००. कर्मचारी जुन्या पद्धतीत आहे, यंदाचे उत्पन्न थकबाकीविना १० लाख २० हजार, मागची दोन वर्षे अशी की थकबाकी मिळवूनही दहा लाखांच्या आत. यंदाच्या ३१.२ टक्क्यांनी कर ५३,०४० येतो. मागच्या दोन वर्षांचा २०.८ टक्क्यांनी ३५,३६० झाला असता. फरक १७,६८० रुपये, तीच सवलत. त्यासाठी विवरणपत्राआधी पोर्टलवर `Form 10E` भरावा लागतो. तो न भरता विवरणात सवलत मागितली की कलम १४३(१) च्या सूचनेत ती नाकारली जाते. फॉर्मला वर्षवार विभागणी लागते, म्हणून बँकेकडून महिनावार थकबाकी पत्रक मिळवून ठेवावे. सगळी रक्कम एकाच आकड्यात दाखवणारी पावती इथे कामाची नाही.

आता बँकेच्या बाजूचा हिशेब. करार होईपर्यंत गप्प बसता येत नाही, म्हणून प्रत्येक तिमाहीत अंदाजित वाढीच्या टक्केवारीने तरतूद करतात: कर्मचारी खर्च नावे, वेतनकरार तरतूद जमा. करार १७ टक्क्यांवर मिटला आणि तरतूद त्याहून कमी दराने झाली असेल, तर उरलेला फरक चालू वर्षाच्या खर्चात येतो. पेन्शनचा बोजा मात्र या अंदाजाबाहेर राहतो. स्टेट बँकेने २०२३-२४ च्या तिसऱ्या तिमाहीत पेन्शन आणि महागाई सवलतीसाठी ७,१०० कोटी रुपये अपवादात्मक बाब म्हणून दाखवले आणि नफा ९,१६४ कोटींवर आला.

थकबाकी देताना मुख्य नोंद अशी हवी: तरतूद नावे, आणि समोर कर्मचाऱ्याचे खाते, पीएफ, एनपीएस व टीडीएस जमा. एनपीएसमधला बँकेचा वाढीव हिस्साही तरतुदीतूनच जावा. पगाराच्या सॉफ्टवेअरने ही रक्कम नेहमीप्रमाणे पगारखर्चात टाकली की तोच खर्च दोनदा लागतो. ओळखायची खूण सोपी: थकबाकी वाटून झाली तरी तरतूद खात्यात शिल्लक तशीच असते आणि त्या महिन्याचा पगारखर्च एकदम उंचावतो. पण थोडी शिल्लक रास्तही असू शकते. त्या सोळा महिन्यांत निवृत्त झालेले, नोकरी सोडलेले किंवा वारलेले कर्मचारी चालू हजेरीपटावर नसतात, त्यांची थकबाकी वेगळी काढावी लागते. त्यांची यादी हाती येण्याआधी उरलेली तरतूद उलटवली, तर त्या कुटुंबांचे अर्ज आल्यावर तोच खर्च पुन्हा उभा करावा लागतो.