अंडी-कोंबड्यांच्या शेडची दैनिक नोंद

पिंजरा पद्धतीच्या लेयर शेडमध्ये रोज जिवंत पक्षी, मर, छाटणी, दिलेले खाद्य आणि मिळालेली अंडी लिहून ठेवण्याची, आणि त्यावरून आठवड्याचा गोषवारा काढण्याची पद्धत. नोंद शेडवार आणि लॉटवार असते. एका शेडमध्ये दोन वयांचे पक्षी असतील तर दोन पाने ठेवतात, कारण दोन लॉटांची सरासरी कोणत्याच लॉटची खरी स्थिती सांगत नाही. ब्रॉयलरमध्ये हिशेब विकलेल्या वजनावर असल्याने वहीची मांडणी वेगळी होते. ती येथे विचारात घेतलेली नाही.

अंड्यांची पद्धतशीर मोजणी पाश्चात्त्य देशांत आधी एकेका कोंबडीची होती, शेडची नव्हती. त्यासाठी सापळा-घरटे वापरत. कोंबडी आत शिरली की दार पडे, आणि अंडे घालून झाल्यावर माणूस तिच्या पायातील कडीचा क्रमांक लिहून तिला सोडी. हे घरटे प्रथम कोणी केले याविषयी मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेतील मेन संस्थानाच्या कृषी प्रयोगकेंद्रात १८९८च्या सुमारास त्याचा पैदाशीसाठी वापर सुरू झाला आणि कनेक्टिकटमधील स्टॉर्स येथे १९११ पासून अंडी-स्पर्धा होऊ लागल्या. स्पर्धा वर्षभर चालत. त्यामुळे मध्येच मेलेल्या कोंबडीचे काय करायचे, हा प्रश्न तेथे अटळ होता. आज वैयक्तिक नोंद पैदास केंद्रांपुरती उरली आहे. व्यापारी शेडमध्ये तोच प्रश्न टक्केवारीच्या छेदात येऊन बसला आहे.

रोजची टक्केवारी, म्हणजे ‘हेन-डे’, त्या दिवशीची अंडी भागिले त्या दिवशीचे जिवंत पक्षी अशी काढतात. ‘हेन-हाउस्ड’ टक्केवारीत छेद बदलत नाही. शेडमध्ये भरलेले मूळ पक्षी शेवटपर्यंत तेच धरतात. ५,००० भरलेल्या लॉटचे ४,५०० पक्षी उरले आणि ते ९० टक्के देत असतील तर हेन-डे ९०, पण हेन-हाउस्ड ८१ येते. पहिला आकडा उरलेल्या पक्ष्यांची तब्येत सांगतो, दुसरा पिलांवर घातलेल्या पैशाचे काय झाले ते सांगतो. न देणारे १०० पक्षी काढून टाकले की हेन-डे एका रात्रीत दोन टक्क्यांनी चढते आणि अंडे एकही वाढलेले नसते. हेन-हाउस्डला ही फसवणूक चालत नाही. पण ‘मूळ पक्षी’ कोणत्या दिवसाचे, यावर एकवाक्यता नाही. कोणी १८ व्या आठवड्याचे धरतात, कोणी २० व्या, तर कोणी उत्पादन पाच टक्क्यांना पोचल्याच्या दिवसाचे. दोन फार्मचे हेन-हाउस्ड आकडे शेजारी ठेवण्याआधी हा दिवस विचारावा लागतो, आणि तो बहुधा कोणी लिहिलेला नसतो.

दुसरा वाद लहान आहे. छेदात सकाळचे पक्षी घ्यावेत, संध्याकाळचे, की दोन्हींची सरासरी? रोज एखाद-दुसरी मर असताना फरक दुसऱ्या दशांशातही जेमतेम दिसतो. साथीत मात्र संध्याकाळचा आकडा घेतला तर मेलेल्या पक्ष्यांची सकाळची अंडी अंशात राहतात, पक्षी छेदातून जातात आणि टक्केवारी खोटी फुगते. म्हणून सकाळचे पक्षी धरणे बरे. शिवाय खाद्यही सकाळच्या पक्ष्यांच्या हिशेबानेच टाकलेले असते.

५,००० पक्षी भरलेल्या शेडचा ३१ व्या आठवड्याचा एक नमुना पुढे दिला आहे. आठवडा सुरू होताना ४,९३० पक्षी होते.

| वार | सकाळचे पक्षी | मर | छाटणी | खाद्य (किलो) | अंडी |
|---|---|---|---|---|---|
| सोम | ४,९३० | १ | ० | ५४५ | ४,६४८ |
| मंगळ | ४,९२९ | ० | ० | ५४५ | ४,६५५ |
| बुध | ४,९२९ | २ | ० | ५४० | ४,६४० |
| गुरू | ४,९२७ | १ | ० | ५१० | ४,६३२ |
| शुक्र | ४,९२६ | ० | ० | ५३२ | ४,५६१ |
| शनि | ४,९२६ | १ | ० | ५५५ | ४,४९८ |
| रवि | ४,९२५ | १ | १ | ५५५ | ४,५२७ |

गोषवाऱ्यासाठी रोजच्या टक्केवारींची सरासरी काढत नाहीत. सातही सकाळच्या पक्ष्यांची बेरीज करतात. ती येथे ३४,४९२ पक्षी-दिवस भरते. अंडी ३२,१६१, म्हणून हेन-डे ९३.२ टक्के. मूळ ५,००० पक्ष्यांवर ३५,००० पक्षी-दिवस धरले तर हेन-हाउस्ड ९१.९. आठवडाअखेर पक्षी ४,९२३, आणि भरल्यापासूनची एकूण घट ७७, म्हणजे १.५४ टक्के.

खाद्याची बेरीज रोजच्या आकड्यांवर सोडत नाहीत. आठवड्याच्या सुरुवातीचा साठा १,९१२ किलो, आलेले ३,००० किलो, शेवटचा साठा १,१३० किलो, म्हणून खप ३,७८२ किलो. रोजची बेरीजही तितकीच येते. दोन्हींत फरक पडला तर खरा मानायचा तो साठ्याचा आकडा, मात्र साठा वजन करून घेतलेला असावा. पोते ५० किलोचे म्हणून लिहितात आणि ते ४९ भरते, हे नेहमीचे. साठा दर आठवड्याला त्याच वेळी, गव्हाणी रिकाम्या असताना घ्यावा. एका आठवड्यात भरलेल्या आणि पुढच्यात रिकाम्या गव्हाणीवर मोजणी झाली, तर काही न घडता दरपक्षी खाद्य खालीवर होते.

३,७८२ किलोला ३४,४९२ पक्षी-दिवसांनी भागले की दरपक्षी १०९.६ ग्रॅम. डझन २,६८०, म्हणून डझनाला १.४१ किलो खाद्य. वजनावर काढायचे तर अंड्याचे सरासरी वजन लागते. त्यासाठी तीन ट्रे, म्हणजे ९० अंडी, तोलून रिकाम्या ट्रेचे वजन वजा करतात. नमुना दर वेळी त्याच फेरीतला हवा, कारण सकाळी लवकर घातलेली अंडी सहसा जड असतात आणि एकदा सकाळचे, एकदा दुपारचे ट्रे तोलले तर वजन खोटे हलते. येथे सरासरी ५४.५ ग्रॅम आली. एकूण १,७५३ किलो अंडी, आणि किलो अंड्याला २.१६ किलो खाद्य. डझनाचा आकडा बाजाराला सोयीचा, कारण आपल्याकडे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा दर शेकड्यावर निघतो आणि माल २१० अंड्यांच्या पेटीत जातो. खाद्य किलोला ३२ रुपये धरले तर या आठवड्यात एका अंड्यामागे ३ रुपये ७६ पैशांचे खाद्य गेले. पण लहान अंडी देणारा तरुण लॉट डझनाच्या हिशेबात उगाच चांगला दिसतो. दोन वयांच्या लॉटांची तुलना करायची असेल तर किलोचाच आकडा घ्यावा.

वरील गोषवारा एकटा वाचला तर आठवडा बरा गेला असे वाटेल. ९३ टक्के उत्पादन आणि ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य यांत खटकण्यासारखे काही नाही. रोजची पाने वेगळे सांगतात. गुरुवारी खाद्य दरपक्षी १०३.५ ग्रॅमवर आले, अंडी मात्र त्या दिवशी ९४ टक्केच होती. शुक्रवारी ती ९२.६ आणि शनिवारी ९१.३ झाली. शेऱ्याच्या रकान्यात गुरुवारी दुपारी मोटर बंद पडून निपलला पाणी नव्हते, अशी नोंद आहे. कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी तुटले की ती आधी खाणे सोडते. एक अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागत असल्याने त्या दिवशीचे अंडे आधीच वाटेवर असते, आणि फटका पुढच्या दोन दिवसांत दिसतो. शनिवार-रविवारी पक्ष्यांनी ११२.७ ग्रॅम खाऊन भरपाई केली, म्हणून आठवड्याच्या खाद्य-सरासरीत खड्डा उरला नाही. शेवटच्या दोन दिवसांचे डझनाला खाद्य मात्र १.४८ किलो आहे, सोमवार ते बुधवार ते १.४० होते. खाद्य आणि अंडी एकाच दिवशी पडली असती, तर मोजणीची वेळ किंवा वही भरणारा तपासावा लागला असता.

नोंदीतले दोष बहुधा तीन जागी सापडतात. पहिली जागा दिवसाची सीमा. शेवटची फेरी कधी पाचला, कधी सातला झाली तर उरलेली अंडी दुसऱ्या दिवसात जातात. मग एक दिवस ९०, दुसरा ९७ असा झोका दिसतो आणि जोडीची बेरीज बरोबर येते. दुसरी जागा फुटकी, कवचहीन आणि विष्ठेच्या पट्ट्यावर पडलेली अंडी. ती विकली जात नाहीत, पण कोंबडीने घातलेली असतात, म्हणून उत्पादनात धरून वेगळ्या रकान्यात उतरवतात. ती गाळली तर कवचाचा बिघाड उत्पादनातील घट म्हणून वाचला जातो, आणि चुनखडी तपासण्याऐवजी औषध सुरू होते.

तिसरी जागा सगळ्यांत अवघड. पक्ष्यांची संख्या कोणी रोज मोजत नाही, ती वजाबाकीने पुढे सरकते. पिंजऱ्याच्या खालच्या मजल्यावरची किंवा खाली खतात पडलेली मर सुटली, पक्षी चोरीला गेले किंवा भरतानाच कमी आले, तर वही फुगलेलीच राहते. ओळखण्याची खूण अशी की, शेडमध्ये ४,९३० ऐवजी खरे ४,८३० पक्षी असतील तर ९४ टक्के उत्पादन वहीत ९२.१ दिसते आणि ११० ग्रॅम खाद्य १०७.८. दोन्ही एकाच प्रमाणात खाली येतात, पण डझनाला लागणारे खाद्य जागचे हलत नाही, कारण त्या भागाकारात पक्ष्यांची संख्या येतच नाही. अशा वेळी खाद्याचा फॉर्म्युला न बदलता पिंजरे मोजावेत. लस टोचण्याचा दिवस त्यासाठी सोयीचा, कारण तेव्हा प्रत्येक पक्षी हातातून जातोच. याउलट दरपक्षी खाद्य आणि डझनाला खाद्य दोन्ही वर गेले आणि अंडी तशीच राहिली, तर गव्हाणीखालची सांड, उंदीर किंवा पोत्याचे वजन पाहावे.

मरीच्या रकान्यात कारण लिहिण्याची पद्धत आहे, पण शवविच्छेदनाशिवाय लिहिलेले कारण अंदाजच असते. या वयात आठवड्याला ०.१ टक्क्याच्या आसपासची मर नित्याची समजतात. सलग दोन दिवस ती अनेक पटींनी वाढली आणि जोडीला खाद्य पडले, तर आठवडाअखेरची वाट न पाहता पशुवैद्यकाला कळवतात. नवापूर (जि. नंदुरबार) येथे फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक जाहीर झाला. अशा प्रसंगी भरपाई सरकारी आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. त्यामुळे कोणत्या दिवशी किती पक्षी जिवंत होते, याचा पुरावा म्हणूनही वहीचे ते पान लागते.