मऊ चीज, कच्चं दूध आणि फ्रिजवरचा भाबडा विश्वास

‘फ्रिजमधलंच आहे, ताजं आहे’ हे आपलं लाडकं प्रमाणपत्र. लिस्टेरिया या जीवाणूसमोर ते चालत नाही. बहुतेक रोगजंतू थंडीत वाढायचे थांबतात, हा मात्र ४ अंश सेल्सिअसलाही सावकाश वाढतो, आणि मिठालाही फारसा जुमानत नाही.

१९८५ साली लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, मऊ चीजमधून याची साथ पसरली. १४२ रुग्णांपैकी ९३ गर्भवती स्त्रिया किंवा त्यांची बाळं होती. पाश्चराइज केलेल्या दुधात कच्चं दूध मिसळलं गेल्याचा संशय होता.

चीज मऊ असलं की धोका का वाढतो? ब्री या फ्रेंच मऊ चीजचंच बघा. ताज्या ब्रीचा पीएच साधारण ४.६ असतो. तेवढ्या आंबटपणात लिस्टेरियाची वाढ जेमतेम होते. पण ब्रीवर जी पांढरी बुरशी मुद्दाम वाढवतात, ती दह्यातही असणारं लॅक्टिक आम्ल खाऊन टाकते आणि प्रथिनं फोडून अमोनिया सोडते. पिकलेल्या ब्रीला येणारा उग्र वास त्याचाच. सालीपासून आतपर्यंत आंबटपणा उतरत जातो, सालीजवळचा पीएच ७ च्या आसपास पोचतो. आत ओलावा भरपूर, आम्ल गेलेलं, वर फ्रिजमधले आठवडे. जंतूला आणखी काय हवं? म्हणून दूध पाश्चराइज केलेलं असलं, तरी नंतर कारखान्यातल्या ओल्या फळीवरून चार जंतू चिकटले की पुरे. त्यांनी ना वास बदलतो, ना चव. चेडारसारखं घट्ट चीज कोरडं आणि आंबट राहतं, तिथे त्याची डाळ शिजत नाही.

गर्भारपणात हा जंतू पेशींच्या आत लपत, एका पेशीतून दुसरीत शिरत वारेपर्यंत पोचतो. आईला थोडा ताप, अंगदुखी एवढंच होतं, पण गर्भपात किंवा बाळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

त्यामुळे या काळात पाश्चराइज दुधाचं चेडार किंवा प्रोसेस्ड चीज खा. मऊ चीज आवडत असेल तर आतपर्यंत वाफाळेल इतकं गरम करून. पनीर तापवलेल्या दुधाचं असतं खरं, पण गाळताना, दाबताना, कापताना हात लागतात. सुट्टं पनीर कच्चं खाण्यापेक्षा भाजीत शिजवावं. ‘धारोष्ण दूध बाळंतिणीला नि गर्भाला बळ देतं’ असं सांगणाऱ्यांना, मग ते आजीबाई असोत की महागड्या बाटलीतलं कच्चं ‘ए-टू’ दूध विकणारे, नम्रपणे नकार द्यावा. दूध उकळून प्यायल्याने बळ कमी होत नाही.

असं काही खाण्यात आलंच आणि नंतर ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. लक्षणं दोन महिन्यांनीही उमटू शकतात, म्हणून डॉक्टरांना काय खाल्लं, कधी खाल्लं ते आपणहून सांगा. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडतो आणि अँपिसिलिन वेळेवर मिळालं तर बाळ वाचण्याची शक्यता वाढते.