टन-किलोमीटर दोन प्रकारचे: अ‍ॅब्सोल्यूट कुठला, कमर्शियल कुठला आणि भाडं कशावर लावायचं

बीकॉमला कॉस्टिंग घेतलेल्या पोरांना हे दोन शब्द पाठ असतात, आणि ज्याची स्वतःची गाडी रत्नागिरी-महाड लाइनला पळते त्याला शब्द माहीत नसले तरी घोळ रोज तोच होतो. म्हणून एकच फेरी घेऊ आणि ती दोन्ही पद्धतींनी मोजू. अंतरं गोल धरलीत आणि खर्चाचे आकडेही हिशोबापुरतेच आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला.

गाडी रत्नागिरीहून 9 टन आंब्याच्या पल्पचे डबे भरून निघाली. चिपळूण 90 किलोमीटर, तिथे 3 टन उतरवले. उरलेले 6 टन घेऊन पुढे 80 किलोमीटरवर महाड, तिथे सगळा माल खाली. परत येताना भाडं मिळालं नाही, म्हणजे 170 किलोमीटर मोकळी गाडी. एकूण पळाली 340.

अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे प्रत्येक टप्प्यावर गाडीत जेवढं वजन होतं ते त्याच टप्प्याच्या अंतराने गुणायचं आणि मग बेरीज. 9 गुणिले 90 म्हणजे 810, 6 गुणिले 80 म्हणजे 480, मोकळ्या फेरीचं शून्य. झाले 1290 टन-किलोमीटर.

कमर्शियलमध्ये आधी वजनाची सरासरी काढतात आणि ती एकूण अंतराने गुणतात. 9, 6 आणि 0, सरासरी 5 टन. 5 गुणिले 340 म्हणजे 1700.

गाडी तीच, माल तोच, रस्ता तोच, आणि 410 चा फरक! कारण सरळ आहे, साध्या सरासरीला अंतर कळत नाही. 90 किलोमीटर पळालेल्या 9 टनांना आणि 170 किलोमीटर पळालेल्या शून्य टनाला ती सारखाच मान देते, त्यामुळे निम्मा रस्ता मोकळी गाडी पळाली हे तिच्या लेखी एक तृतीयांशच होतं.

आता खर्च लावू. डिझेल 85 लिटर, 90 रुपयांनी 7,650. टायर, ऑइल, रिपेरिंग मिळून किलोमीटरला 5 रुपये धरले तर 1,700. हा झाला पळण्याचा खर्च, 9,350. उभ्या गाडीचाही खर्च असतोच, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार 22,000, इन्शुरन्सचा महिन्याचा वाटा 4,500, टॅक्स-परमिट 1,500 आणि घसारा 7,500, म्हणजे महिन्याला 35,500. महिन्याला अशा 10 फेऱ्या धरल्या तर एका फेरीवर 3,550 येतात. एकूण 12,900. (बरेच जण इथे घसाऱ्याच्या जागी बँकेचा हप्ता टाकतात, तसं करू नका, हप्त्यातली मुद्दल हा खर्च नाही, कर्जफेड आहे, आणि घसारा धरून वर पुन्हा मुद्दल धरली तर गाडीची किंमत दोनदा वसूल करायला निघालात.)

12,900 भागिले 1290 म्हणजे टन-किलोमीटरला बरोबर 10 रुपये. तेच 1700 ने भागलं तर 7 रुपये 59 पैसे. दुसरा आकडा बघून माणूस खूश होतो, गाडी स्वस्तात पळतेय म्हणून, आणि त्यावरच पार्टीला रेट देऊन टाकतो.

मग होतं काय ते बघा. पार्टीला तुमची सरासरी नको असते, तिचा माल किती लांब गेला तेवढंच ती बघते. चिपळूणच्या गिऱ्हाइकाचे 3 टन 90 किलोमीटर गेले, 270 झाले. महाडवाल्याचे 6 टन 170 किलोमीटर गेले, 1020. दोन्ही मिळून 1290, म्हणजे हुबेहूब अ‍ॅब्सोल्यूटचाच आकडा, आणि हा योगायोग नाहीये, बिलं करता येतात ती तेवढ्याच टन-किलोमीटरची. 10 च्या रेटने 2,700 आणि 10,200 मिळून खर्च पूर्ण निघतो. 7.59 ने साधारण 9,790 हातात येतात, म्हणजे नफ्याचं सोडाच, फेरीमागे 3,100 रुपये खिशातून गेले.

कमर्शियलची खरी गोची तर पुढेच आहे. समजा ड्रायव्हर येताना चिपळूणला जेवायला थांबला आणि लॉगबुकात त्याने महाड-चिपळूण आणि चिपळूण-रत्नागिरी अशा दोन ओळी लिहिल्या, दोन्हीकडे वजन शून्य. आता टप्पे चार झाले. सरासरी 15 भागिले 4 म्हणजे 3.75 टन, आणि कमर्शियल 1700 वरून थेट 1275 वर! जेवणाने गाडीचा खर्च 7.59 चा 10.12 झाला. उलट कोणी मोकळी फेरी धरलीच नाही, "माल नव्हता ना, मग कशाला मोजायचा" म्हणून, तर सरासरी 7.5 टन, गुणिले 340 म्हणजे 2550, आणि रेट 5 रुपये 6 पैसे. एकाच फेरीचे तीन कमर्शियल आकडे निघाले आणि अ‍ॅब्सोल्यूट तिन्ही वेळा 1290 च, कारण टप्पा कितीही तोडा, वजन गुणिले अंतराची बेरीज बदलत नाही. मला विचाराल तर रेट ठरवायला कमर्शियल वापरूच नये, इथेच विषय संपतो.

पण कमर्शियल नेहमी जास्तच येतं असं डोक्यात घेऊ नका, परीक्षेतही हीच चूक होते. समजा महाड एमआयडीसीतून रत्नागिरीसाठी 9 टनांचं रिटर्न भाडं मिळालं. अ‍ॅब्सोल्यूट आता 810 अधिक 480 अधिक 1530 म्हणजे 2820. सरासरी 8 टन, गुणिले 340 म्हणजे 2720, कमर्शियल कमी आलं. लांबच्या टप्प्यावर वजन जास्त असलं की कमर्शियल कमी दाखवतं, लांबच्या टप्प्यावर गाडी हलकी किंवा मोकळी असली की जास्त. सगळे टप्पे सारख्या अंतराचे असले किंवा वजन शेवटपर्यंत तेच राहिलं तर दोन्ही जुळतात, त्यामुळे एकाच ठिकाणाहून भरून एकाच ठिकाणी खाली करून त्याच रस्त्याने मोकळी येणाऱ्या गाडीला फरक जाणवणारच नाही. फरक पडतो तो वाटेत थोडं थोडं उतरवणाऱ्याला.

आणि त्या रिटर्न भाड्यात भरलेल्या गाडीचं जादा डिझेल 900 रुपये धरलं तरी खर्च 13,800 होतो आणि अ‍ॅब्सोल्यूटचा रेट 10 वरून 4 रुपये 89 पैशांवर येतो. म्हणून परतीचं भाडं थोडं पडेल मिळालं तरी लोक घेतात, त्या फेरीत 900 च्या वर जे मिळेल ते कामाचंच.

पावसाळ्याचा हिशोब मात्र वेगळा करा. जुलैत परशुराम घाटात दरड आली, रस्ता बंद, आणि महिन्यात 10 च्या जागी 6 च फेऱ्या झाल्या तर उभ्या खर्चाचा वाटा फेरीला 3,550 वरून 5,917 होतो, म्हणजे तीच मोकळी परतणारी फेरी 15,267 ला पडते आणि रेट 11 रुपये 83 पैसे. टन-किलोमीटर तेवढेच, 1290, फक्त वरचा आकडा फुगला. वर्षभराचा रेट एप्रिल-मेच्या आंब्याच्या धंद्यावर काढला तर हे त्यात कुठेच दिसत नाही, बारा महिन्यांचा उभा खर्च आणि बारा महिन्यांचे टन-किलोमीटर घेऊनच तो काढायला लागतो. त्यासाठी लॉगबुकात नुसतं "रत्नागिरी ते महाड, 9 टन" लिहून चालत नाही, वाटेत कुठे किती उतरवलं त्याची ओळ आणि काट्याची पावती दोन्ही लागतात, नाहीतर चिपळूणचे 3 टन महाडपर्यंत गेले असंच कागदावर दिसतं आणि 1290 च्या जागी 1530 धरून भागाकार होतो.