‘पाश्र्वभूमी’ कुठून आली? जुन्या फाँटमधून युनिकोडकडे येताना रफाराचे काय होते

मराठी बातम्यांच्या जुन्या ऑनलाइन संग्रहांत ‘पाश्र्वभूमी’, ‘सामथ्र्य’, ‘अमत्र्य’ असे शब्द सर्रास दिसतात. या टायपिस्टच्या चुका नाहीत. मूळ मजकूर बरोबर होता, तो युनिकोडमध्ये नेताना बिघडला.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण विंडोजवर जोडाक्षरे नीट दिसू लागली ती विंडोज २००० पासून. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षे छपाईचे काम कृतिदेवसारख्या फाँटांवर चालले. अशा फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो: `d` च्या जागी क, `e` च्या जागी म, `k` च्या जागी काना. फाइलमध्ये साठते ते रोमन अक्षरच. फाँट बदलला की मजकुराचा चिवडा होतो तो यामुळे.

कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टंकलेखन यंत्राची आहे. त्यामुळे अक्षरे उच्चाराच्या नव्हे, दिसण्याच्या क्रमाने साठतात. पहिली वेलांटी, म्हणजे `f`, आपल्या अक्षराच्या आधी येते. रफार, म्हणजे `Z`, आपल्या अक्षराच्या नंतर येतो, कारण तो शून्य रुंदीचा आकार आहे आणि डावीकडे आधीच उमटलेल्या अक्षरावर बसतो. युनिकोडमध्ये नेमके उलटे आहे: वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा ‘र्’ जोडाक्षराच्या आधी.

म्हणून नुसता तक्ता लावून भागत नाही. ‘मार्मिक’ कृतिदेवमध्ये `ekfeZd` असा असतो. एकास एक बदल केला तर ‘मािमर्क’ मिळते. आधी वेलांटी पुढच्या व्यंजनापलीकडे न्यायची, मग रफार मागे आणायचा, तेव्हा शब्द जुळतो. सुरुवातीच्या बहुतेक कन्व्हर्टरनी एवढे केले होते. रफार मागे नेताना मध्ये मात्रा आली तर ओलांडायची आणि एक अक्षर मागे जायचे, असा त्यांचा नियम होता. ‘धर्म’, ‘कर्ता’, ‘वर्षा’ यांत तो बरोबर चालतो.

तो अडतो जोडाक्षरापाशी. ‘पार्श्वभूमी’ साठवलेला असतो `ik'oZHkweh` असा. त्यात `'` म्हणजे श्, `o` म्हणजे व, मग रफार. एकच अक्षर मागे गेले की ‘र्’ हा श् आणि व यांच्या मध्ये अडकतो आणि ‘पाश्र्व’ तयार होतो. ‘र्’ने व्यंजनाबरोबर त्याआधीची सगळी अर्धी अक्षरेही ओलांडायला हवीत. दुरुस्ती दोन ओळींची आहे:

```
t = t.replace(/f((?:[क-ह]्)*[क-ह])/g, "$1ि");
t = t.replace(/((?:[क-ह]्)*[क-ह])([ा-ौंँ]*)Z/g, "र्$1$2");
```

त्याआधी `f` आणि `Z` सोडून बाकी सारे तक्त्याने बदललेले असले पाहिजे, तेही लांब जोड्या आधी घेऊन: `vks` (ओ), मग `vk` (आ), मग `v` (अ). `bZ` ही जोडी तर विसरूच नये. कृतिदेवमध्ये ई हा इ वर रफार देऊन काढतात. ती जोडी तक्त्यात नसेल तर `vkbZ` म्हणजे ‘आई’चा ‘आइZ’ होतो. ‘Z’ तसाच राहिलेला दिसतो, हे एका अर्थी बरेच, कारण चूक लपत नाही.

खरा वाद आहे तो आधीच बिघडलेल्या मजकुराचा. शोधा-बदला करून तो सुधारावा, की मूळ फाइल पुन्हा चालवावी? ‘श्र्व’ आणि ‘थ्र्य’ मराठीत येत नाहीत, त्यांच्या जागी ‘र्श्व’ आणि ‘र्थ्य’ बिनधास्त घालता येतात. ‘त्र्य’चे तसे नाही. ‘अमत्र्य’ सुधारायला ‘त्र्य’चा सरसकट ‘र्त्य’ केला, तर ‘स्वातंत्र्य’चे ‘स्वातंर्त्य’ होते आणि ‘त्र्यंबक’ही मोडतो. ‘द्र्य’लाही हात लावला तर ‘दारिद्र्य’ बिघडेल. शब्दयादी जोडून हे टाळता येते असे काहींचे म्हणणे आहे, पण विशेषनामे आणि सामासिक शब्द यादीत कधीच पुरे पडत नाहीत.

मूळ फाइलमध्ये मात्र ही संदिग्धता नसते. तिथे ‘मर्त्य’ `eR;Z` असतो, रफार शेवटी आणि वेगळा. ‘स्वातंत्र्य’मध्ये `Z` नसतोच, त्र्-साठी वेगळा आकार आहे. दोन्हींतला फरक पहिल्या रूपांतरात पुसला जातो आणि नंतर कुठल्याही नियमाने परत मिळवता येत नाही. असे असूनही अनेक ठिकाणी रूपांतर झाल्यावर मूळ फाइली काढून टाकल्या गेल्या. हा निर्णय जागेची बचत म्हणून घेतला गेला असेल, पण तो चुकीचाच होता. जिथे मूळ फाइली आहेत, तिथे सुधारलेला कन्व्हर्टर पुन्हा चालवणे हाच भरवशाचा मार्ग आहे. नंतर ‘्र्’ या क्रमाचा शोध घेऊन निघालेली यादी डोळ्यांखालून घालावी. तिच्यात ‘स्वातंत्र्य’, ‘दारिद्र्य’ यांच्या जातीचेच शब्द उरले पाहिजेत.