सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन : लावण्याचा क्रम

चेहऱ्याला एकापेक्षा जास्त प्रसाधने लावताना पाळायचा क्रम. सकाळी चेहरा धुतल्यावर आधी सीरम, मग मॉइश्चरायझर आणि सर्वांत शेवटी सनस्क्रीन लावतात. रात्री सनस्क्रीन नसते. औषधी मलम असेल तर ते सहसा कोरड्या त्वचेवर आधी लावतात. ‘पातळ आधी, घट्ट नंतर’ हा प्रचलित नियम बहुतेक वेळा चालतो, पण मुद्दा खरे तर पाण्याचा आहे.

बहुतेक सीरमांत उपयुक्त घटक पाण्यात विरघळवलेला असतो. पाणी उडून जाते, घटक त्वचेवर राहतो. खाली आधीच तेलाचा किंवा सिलिकोनचा थर असेल तर असे सीरम नीट पसरत नाही. कुठे जास्त लागते, कुठे कमी. क्रीममधले तेल त्वचेतले पाणी उडण्याचा वेग कमी करते, म्हणून ग्लिसरीनयुक्त सीरमवर क्रीम येते. चेहऱ्याचे तेल हाताला क्रीमपेक्षा पातळ लागते. तरी त्यात पाणी नसल्याने ते क्रीमनंतरच लावायचे. क जीवनसत्त्वाच्या सीरमचे कारण थोडे वेगळे आहे. त्यातले एल-अस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरण्यासाठी सामू साधारण ३.५ पेक्षा कमी लागतो, म्हणून ते धुतलेल्या त्वचेवर, इतर काही लावण्याआधी लावतात.

सनस्क्रीनचे काम पृष्ठभागावर सलग थर धरून राहण्याचे असते. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या मात्रेने मोजलेला असतो. प्रत्यक्षात लोक त्याहून बरेच कमी लावतात. त्यात मॉइश्चरायझर मिसळले किंवा वरून क्रीम चोळले, तर हा थर आणखी विरळ होतो.

सनस्क्रीन चोळताना कधी कधी खोडरबराच्या भुग्यासारखे पांढरे कण सुटतात. जेलसारख्या सीरमला घट्टपणा देणारा कार्बोमर हा घटक वाळून पातळ पापुद्रा तयार होतो, आणि वरून सिलिकोनयुक्त सनस्क्रीन घासले की तो गुंडाळत निघतो. दोष बहुधा या जोडीचा असतो, एकट्या सनस्क्रीनचा नव्हे. मनगटावर आधी फक्त सनस्क्रीन, मग सीरमवर सनस्क्रीन लावून पाहिले की हे कळते. सीरम कमी घ्यावे, काही मिनिटे थांबावे आणि सनस्क्रीन न चोळता थापून लावावे. तरी कण सुटले तर दोहोंपैकी एक बदलणेच बरे.

मुरुमांवरचे ॲडापॅलिन मात्र क्रम मोडायला लावते. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने त्वचा सोलवटते, जळजळते. अशा वेळी आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर हरभऱ्याएवढे मलम पूर्ण चेहऱ्याला पसरतात. नाकपुड्यांच्या खाचा व ओठांचे कोपरे जास्त भाजतात. तेथे आधी पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवतात, कारण तिथे औषध अडलेलेच हवे असते.